निळीच राहिलेली साखर

धुरपदाबाई आमच्या दवाखान्यात पाणी भरायच्या. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, मग त्यात सांगण्यासारखं काय आहे? बरोबर आहे. मीही हेच म्हणत चाळीस वर्षं टाळलं. वय झालं की माणसाची लाज मरते म्हणतात. माझी काही मेली नाही, उलट जास्तच टोचायला लागली. म्हणून आता सांगून टाकतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, सन चव्वेचाळीसची. गंगाखेडपासून बैलगाडीनं दोन-अडीच तासांवर, गंगेच्या काठी ते गाव. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिथं सरकारचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, वयस्कर, मराठी मोडकंतोडकं बोलायचे पण मुद्द्याचं बोलायचे. मी बन्सीधर, कंपाउंडर, वय तेवीस. हैदराबादेत उर्दूतून शिकून आलेलो. डॉक्टरसाहेब सोडले तर गावात बाटलीवरचं इंग्रजी वाचू शकणारा मी एकटाच, आणि हे मी रोज कुणाला ना कुणाला जाणवून द्यायचो.

धुरपदाबाई पन्नाशीच्या पुढच्या. थोडी कोरडवाहू जमीन, ती मुलगा माणिकराव कसायचा. घरात सून, दैवशाला. बाई सकाळी नदीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन यायच्या, अशा तीन खेपा. रांजण वाळूनं घासून भरायच्या, वर फडकं बांधायच्या. कुणी रांजणात हात बुडवला की त्याची धडगत नसे. एकदा पोलिसपाटलानं पाणी प्यायचा गडवा तसाच बुडवला तर बाईंनी सगळा रांजण त्याच्यादेखत अंगणात पालथा केला आणि पुन्हा नदीवर गेल्या. पाटील ओशाळून बसला होता.

आणि त्यांना एक खोड होती. विचारायची. "हे निळं कशानं झालं बापू?" "हे कडू हाय तर पोटात गेल्यावर गोड होतंय का?" "कुनाईन घेतल्यावर कानात वाजायलाय म्हणत्यात, ते कुणीकडून वाजतंय?" डॉक्टरसाहेबांना मौज वाटायची, हातातलं काम ठेवून ते उत्तर द्यायचे. मला मात्र वैताग यायचा. पाणी भरायला आलात, भरा आणि जा. तोंडावर बोललो नाही कधी, पण बाटल्या जरा जोरात आदळायचो.

त्या वर्षी दसऱ्यानंतर बाई लंगडायला लागल्या. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला होता. कधी मोडला हे त्यांनाच ठाऊक नव्हतं, कारण पायाला कळतच नव्हतं. दैवशालानं पाय धुताना बघितलं. पंधरा दिवस झाले तरी जखम भरेना. डॉक्टरसाहेबांनी पाय हातात घेतला, बोटांनी टोचून बघितलं, मग विचारलं, तहान लय लागते का, सारखं लघवीला जावं लागतं का. बाई म्हणाल्या, "व्हय, सारा रांजण मीच पेयलीया समजा." डॉक्टरसाहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "बन्सीधर, पेशाब तपास."

ही तपासणी मला येत होती आणि ती माझ्या मोठेपणाची जागा होती. दोन बाटल्या असत. एकीत मोरचुदाचं पाणी, दुसरीत कॉस्टिक सोडा आणि एक क्षार घातलेलं बिनरंगी पाणी. दोन्ही सारखं घेऊन नळीत मिसळलं की गडद निळं औषध तयार व्हायचं. पहिल्यांदा ते नुसतंच उकळायचं. निळंच राहिलं तर औषध धड आहे. मग लघवीचे थेंब टाकून पुन्हा उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, शेवटी विटेसारखं लाल होऊन खाली बसलं तर साखर आहे. धुरपदाबाईंचं लाल झालं. आठ-दहा थेंबांतच झालं. रजिस्टर उर्दूत असे. नावापुढं 'शकर' अशा रकान्यात मी लिहिलं, 'मौजूद'.

डॉक्टरसाहेबांनी भाकरी मोजून दिली, दिवसाला दीड. गूळ बंद, भात बंद. आणि नेमकं त्याच आठवड्यात त्यांना पटकीच्या साथीसाठी दुसऱ्या तालुक्यात हुकूम आला, महिना-दीड महिन्याचा. जाताना त्यांनी परभणीच्या मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांच्या नावे एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. म्हणाले, "दर आठवड्याला तपास. दोनदा लाल आलं तर माझी वाट पाहू नकोस. ही चिठ्ठी देऊन बाईंना परभणीला पाठव. तिथं इन्सुलिनची सुई मिळेल. साखर खाली आली तर पाय वाचेल. नाही आली तर पाय जाईल." इतकं साफ सांगितलं होतं. समजलो नाही म्हणायला मला जागा नाही.

पुढच्या आठवड्यात लाल आलं. एकदा झालं. मी बाईंना म्हणालो, "मावशी, साखर हाय अजून. अजून एकदा बघू, मग परभणीला जावं लागंल."

बाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. दीड भाकरीवर चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "बापू, एक इचारू का? म्या जन्मात साखर किती खाल्ली आसंल? लग्नात एकदा, आन् माणिकच्या बारशाला एकदा. आता लढाईत तर कंट्रोलची साखर बघायला बी मिळंना. मंग माझ्यात साखर आली कुठून?"

मी म्हणालो, "आजारच तसा असतो." पण उत्तर माझं मलाच पटलं नाही. हैदराबादेत आम्हाला 'पेशाब में शकर' एवढंच शिकवलं होतं. शकर म्हणजे साखर. कोणती, कुठली, हे कुणी सांगितलं नाही आणि विचारणाऱ्यातला मी नव्हतोच. बाई गेल्या आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. म्हटलं, बघू तरी, हे औषध खरंच साखर ओळखतं का.

माझ्या वाट्याच्या कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या साखरेतली चिमूटभर पाण्यात विरघळवली. निळ्या औषधात टाकून उकळली. निळं. आणखी साखर टाकली. निळं. अख्खा चमचा टाकून दोन मिनिटं चांगली उकळी आणली. नळीतलं पाणी गोडमिट्ट पाक झालं असेल, पण रंग तसाच, स्वच्छ निळा. खरं सांगतो, मला आनंद झाला. मला वाटलं, एवढे मोठे डॉक्टर, एवढी पुस्तकं, आणि कुणाला कळलं नाही ते मला कळलं. हे औषध साखर ओळखतच नाही.

मग ते ओळखतं तरी काय? मी कपाट उघडून हाताला येईल ते तपासायला लागलो. मीठ, बोरिक, सोडा, सगळ्यांना निळंच राहिलं. खालच्या फळीवर अशक्त लेकरांना द्यायचा माल्टच्या सत्वाचा डबा होता, मोड आलेल्या धान्यापासून काढलेला तो घट्ट काळपट पाक. तो काडीभर पाण्यात कालवून टाकला, आणि उकळी फुटायच्या आत नळी लालभडक.

झालं. माझा निकाल तयार. साखरेला निळं, धान्याच्या सत्वाला लाल. म्हणजे ह्या बाईच्या लघवीत साखर नाहीच. जन्मभर ज्वारी खाणारी बाई, तिच्या अंगातून धान्याचं सत्व वाहून चाललंय. म्हणून ती वाळत चालली. आणि आपण तिची भाकरी तोडली. मला तिची कीव आली, डॉक्टरसाहेबांचा राग आला. त्या वेळी मी फक्त माझी स्वतःची लघवी एका नळीत घेतली असती तरी पुरे होतं. मीही तीन वेळा ज्वारीचीच भाकरी खात होतो. माझी निळी राहिली असती आणि माझा सगळा शहाणपणा तिथंच जिरला असता. पण स्वतःची लघवी तपासायची मला शरम वाटली. नको तिथं शरम वाटली, ती अशी.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तशा मी त्यांना बसवलं. म्हणालो, "मावशी, तुमी म्हणत व्हता तेच खरं. तुमाला साखर-बिखर काही न्हाई. अंगातलं सत्व जायलंय. पोटभर भाकरी खा. गूळ खा. आन् हे माझ्याकडून रोज एक चमचा."

माल्टचा चमचा मी त्यांना माझ्या हातानं चारला. त्या बोट चाटत म्हणाल्या, "लय गोड हाय की. हे साखर न्हाई का बापू?"

मी म्हणालो, "न्हाई मावशी, हे धान्याचं हाय."

बघा, तेव्हाही त्यांनी बरोबरच विचारलं होतं. त्यांच्या जिभेला जे कळलं ते मला कळलं नाही. आठवडा भरला तेव्हा मी पुन्हा तपासलं. लाल आलं, पहिल्यापेक्षा लवकर आलं. मी म्हणालो, सत्वच ते. आणि 'शकर' ह्या रकान्यात ठळक अक्षरात लिहिलं, 'नदारद', म्हणजे नाही. चिठ्ठी टेबलाच्या खणातच राहिली. पुढचे तीन आठवडे मी 'नदारद' लिहीत गेलो आणि चमचा चारत गेलो. गावात बाई सांगत सुटल्या की बन्सीबापूनं माझा आजार खोटा ठरवला. मी कॉलर नीट करून फिरायचो.

पाय मात्र ऐकत नव्हता. अंगठा आधी लाल, मग जांभळा झाला. मी रोज धुऊन पट्टी बांधायचो. वास यायला लागला तेव्हा मी फिनेल जास्त टाकायला लागलो. शेवटी खेपा बंद झाल्या, दैवशाला पाणी आणायला लागली.

डॉक्टरसाहेब परत आले ते सकाळी. टांग्यातून उतरून आधी रजिस्टर मागितलं. चार आठवडे 'नदारद' बघून त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "पथ्यानंच साखर गेली? मग तर बाईंना शाबासकी द्यायला पाहिजे." आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. त्यांनी पट्टी सोडली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती, काळेपणा वर सरकत होता. नळी आणि औषध मागवून त्यांनी तिथंच चुलीवर तपासलं. लाल.

"आणि हे चार आठवडे काय आहे?" त्यांनी मला बाहेर आणून विचारलं.

मी घाबरलो होतो, पण अजून माझी हुशारी शाबूत होती. माणिकरावाला गाडी जुंपायला सांगून आम्ही दवाखान्यात आलो. गाडी येईतो मी त्यांना माझा प्रयोग करून दाखवला. साखर टाकली, निळं. माल्ट टाकलं, लाल. म्हणालो, "साहेब, हे औषध साखर ओळखतच नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग दुसऱ्या नळीत साखरेचं पाणी घेतलं, त्यात पातळ केलेल्या आम्लाचे थेंब टाकले आणि काही वेळ उकळलं. नंतर सोडा टाकून आम्ल मारलं. मग त्यात निळं औषध. उकळी आली आणि माझ्या साखरेचं पाणी विटेसारखं लाल झालं.

"शकर एकाचं नाव नाही बन्सीधर, खानदानाचं नाव आहे," ते म्हणाले. "पेशाबातली शकर वेगळी. ती ग्लुकोज. तिला समज एक दार आहे. ते उघडतं तेव्हा ती मोरचुदातल्या तांब्यावर काम करते, म्हणून निळं जाऊन लाल येतं. आपल्या चहातली साखर म्हणजे दोन घरं. एक ग्लुकोजचं, एक फळातल्या साखरेचं. पण दोघांची दारंच एकमेकांना बांधलेली. एकही उघडत नाही, म्हणून तांब्याला काही होत नाही. आम्लानं मी ती गाठ तोडली, दोन्ही दारं मोकळी झाली."

"आणि माल्ट?" मी विचारलं.

"माल्टमधली साखर म्हणजे दोन ग्लुकोजची घरं. पहिल्याचं दार दुसऱ्याच्या भिंतीला बांधलेलं. दुसऱ्याचं दार मोकळंच. म्हणून ती लाल करते. पोटात गेली की ती गाठ तुटते आणि दोन ग्लुकोज होतात. भाकरीचंही पोटात शेवटी हेच होतं. बाईंनी साखर खाल्ली नाही तरी साखर आली ती तिथून. तिचं शरीर ती वापरू शकत नाही, म्हणून पेशाबात सांडते." ते थांबले. "सवाल बाईंनी बरोबर विचारला होता. मी असतो तर तिला हेच सांगितलं असतं."

मला अजूनही कुठंतरी वाटत होतं की ह्या निळ्या औषधाचाच काही दोष निघावा. ते त्यांना दिसलं असावं. डोळ्यांसाठी ठेवलेलं चांदीच्या क्षाराचं पाणी त्यांनी दोन धुतलेल्या नळ्यांत घेतलं, किंचित कॉस्टिक सोडा घातला. ते गढूळ झालं. मग निवळेपर्यंत अमोनिया थेंब थेंब टाकला. एकीत साखरेचं पाणी, एकीत माल्टचं, आणि दोन्ही गरम पाण्यात उभ्या केल्या. साखरेची तशीच राहिली. माल्टच्या नळीला आतून चांदी चढली, आरशासारखी. तिच्यात माझं लांबट झालेलं तोंड दिसत होतं. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"तू तिला माल्ट दिलंस का?" त्यांनी विचारलं.

"रोज एक चमचा," मी म्हणालो.

ते खुर्चीत बसले. ओरडले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी माझी तक्रारही वर केली नाही. रजिस्टरातली चार 'नदारद' स्वतःच्या हातानं खोडून वर 'मौजूद' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. माझी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली, आणि मी ती घेऊ दिली. खणातली ती चिठ्ठी काढून त्यांनी तारीख बदलली.

परभणीला बाईंचा पाय गुडघ्याखाली कापला. इन्सुलिननं जीव वाचला. तीन-चार आठवडे आधी गेल्या असत्या तर पाय राहिला असता, निदान अंगठ्यावर भागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी माणिकरावाला सांगितलं. माणिकराव मला म्हणाला, "तुमी लय केलं बन्सीभाऊ, आमचं नशीबच फुटकं." मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी मी परभणीला गेलो. सगळं सांगून पाय धरायचे असं ठरवून गेलो होतो, आणि गंगाखेडपासून गाडीत बसून तेच घोकत होतो. खाटेजवळ गेल्यावर लक्षात आलं की धरायला बाईंना पायच एक राहिलाय. मी खाली बघत बोललो. सांगितलं सगळं, साखर निळी राहिली ते, माल्ट लाल झालं ते, चिठ्ठी खणात ठेवली ते. बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

मग म्हणाल्या, "म्हंजी म्या इचारलं व्हतं ना, साखर आली कुठून, त्याच्यापायी हे झालं?"

मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत होतं. डॉक्टरसाहेबांचं वाक्य माझ्या जिभेवर होतं, सवाल बरोबर होता मावशी, उत्तर चुकलं, ते माझं चुकलं. दहा शब्दही नव्हते.

"म्या येडीनं कशाला तोंड घातलं तुमच्या कामात," बाई म्हणाल्या. "तुमी तर बरोबर करायला लागला व्हता. माझ्या इचारण्यानं तुमचं डोस्कं फिरलं. जाऊ द्या बापू, तुमी मनाला लावून घेऊ नका."

आणि मी, काय सांगू, मी सुटल्यासारखा श्वास सोडला. "असू द्या मावशी," म्हणालो. क्षमा मागायला गेलेला मी त्यांना क्षमा करून आलो.

बाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या. कुबडी घेऊन ओसरीपर्यंत यायच्या, दैवशाला पाणी भरेपर्यंत तिथं बसायच्या. डॉक्टरसाहेब मुद्दाम बाहेर येऊन त्यांच्याशी बोलायचे, नवीन औषधाची बाटली हातात द्यायचे, वाट बघायचे. बाई बाटली उजेडाकडं धरून बघायच्या आणि परत द्यायच्या.

एकदा दैवशालानं सहज विचारलं, "कंपाउंडरसाहेब, हे जांभळं पाणी कशाचं हाय?" मी तोंड उघडायच्या आत बाई ओसरीवरून तिला म्हणाल्या, "गप बस पोरी. दवाखान्यातल्या मानसाला काही इचारू न्हाई. त्यानं मानसाचं वाटोळं व्हतंय."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नळ्या धूत होतो, त्या धूतच राहिलो.